स्टेटमेंटवरचे पाच लाख चार हजार

आयुर्विम्याचा कागद घेऊन लोक सल्लागाराकडे येतात तेव्हा त्यांचे बोट बहुधा एकाच ओळीवर असते. पॉलिसी क्रमांक, प्लॅन, मुदत, विमा रक्कम, पुढचा हप्ता कधीचा, हे सगळे त्यांना पाठ असते. त्याखाली कुठेतरी ‘व्हेस्टेड बोनस’ असे लिहिलेले असते आणि समोर भरभक्कम आकडा. तो पाहून कुणाला वाटते की एवढे पैसे आपल्या नावावर जमा आहेत, अडीअडचणीला काढता येतील. कुणी तो आकडा विमा रकमेत मिळवतो, वर एजंटने तोंडी सांगितलेला ‘एफएबी’ मिळवतो आणि त्या बेरजेवर मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवतो. दोघेही चुकतात, पण वेगवेगळ्या जागी. माझ्या व्यवसायात या दोन चुका समजावण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा नवी पॉलिसी विकण्यातही जात नाही.

एक पॉलिसी समोर ठेवून बोलू. ती अमुक एका माणसाची नाही आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, पण अशा पॉलिस्या गावोगाव कपाटांत पडलेल्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी जून २००३ मध्ये एलआयसीची एंडोमेंट पॉलिसी घेतली. मुदत २५ वर्षे, विमा रक्कम ५ लाख रुपये, वर्षाचा हप्ता २०,००० रुपये, दर जूनमध्ये. मुदत संपणार जून २०२८ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी स्टेटमेंट काढले, तेव्हा २२ हप्ते भरून झाले होते. बोनसचा दर सगळी वर्षे हजारी ४८ रुपये राहिला असे धरू. प्रत्यक्षात तो वर खाली होतो, प्लॅनप्रमाणे आणि मुदतीप्रमाणेही वेगळा असतो. लांब मुदतीच्या पॉलिसीला सहसा जास्त दर मिळतो.

हा दर येतो कुठून, ते आधी पाहू. दर वर्षी ३१ मार्चला विमा कंपनीचा अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विमागणितज्ञ, सहभागी पॉलिस्यांच्या फंडाचे मूल्यांकन करतो. सगळ्या पॉलिस्यांचे पुढचे देणे भागवायला आज किती रक्कम हातात असायला हवी हे तो काढतो. फंडात त्याहून जे अधिक निघते तो अधिशेष. त्याचा मोठा हिस्सा पॉलिसीधारकांना द्यायचा, असा कायदा आहे. एलआयसीच्या १९५६ च्या कायद्यात पॉलिसीधारकांचा वाटा ९५ टक्के होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो टप्प्याटप्प्याने खासगी कंपन्यांप्रमाणे ९० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. हा वाटा रोख हातात पडत नाही. प्रत्येक हजार रुपये विमा रकमेमागे अमुक रुपये, अशा दराने तो पॉलिसीच्या देण्यात मिळवला जातो. हाच प्रत्यावर्ती बोनस, इंग्रजी नावाने रिव्हर्शनरी. शाखेत मात्र नुसते ‘बोनस’ म्हणतात.

शिक्षकांच्या पॉलिसीवर हजारी ४८ म्हणजे ५०० गुणिले ४८, वर्षाला २४,००० रुपये. स्टेटमेंटवर मार्च २०२४ पर्यंतचे २१ बोनस जमा झालेले. म्हणून व्हेस्टेड बोनसच्या ओळीत ५,०४,००० रुपये.

इथे पहिली गफलत होते. सर म्हणतात, “मॅडम, हप्ते भरले चार लाख चाळीस हजार आणि नुसता बोनसच झाला पाच लाख चार हजार. मग हे दामदुप्पट झाले की!” आणि पुढे विचारतात, “यातले दोन लाख मला आता मिळतील का?”

मिळणार नाहीत. हा आकडा बँकेच्या पासबुकातल्या शिलकीसारखा दिसतो, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. ५,०४,००० ही आज हातात असलेली रक्कम नाही. जून २०२८ मध्ये, किंवा त्याआधी सरांचे काही बरेवाईट झाले तर त्या वेळी, विमा रकमेखेरीज आणखी एवढे देऊ, असे कंपनीने लेखी कबूल केले आहे. एकदा जाहीर झालेला बोनस कंपनी मागे घेऊ शकत नाही, ही त्याची ताकद. त्यावर वर्षागणिक व्याज चढत नाही, ही मर्यादा. मार्च २००४ मध्ये मिळालेले २४,००० रुपये जून २०२८ मध्येही २४,००० च राहतात.

यामुळे एक गंमत होते, ती कागदावर दिसत नाही. पहिल्या वर्षीचे २४,००० आणि चोविसाव्या वर्षीचे २४,००० एकाच स्तंभात, सारख्याच अक्षरांत छापले जातात. पण पहिल्या वर्षीचे वचन पुरे करायला कंपनीच्या हातात चोवीस वर्षे असतात. सात टक्के परतावा धरला, तर त्या वचनासाठी तिने त्या वर्षी सुमारे ४,७०० रुपये बाजूला ठेवले तरी पुरते. शेवटच्या वर्षीच्या २४,००० साठी मात्र जवळजवळ २४,००० च लागतात. ‘दर वर्षी सारखा बोनस’ हे वाक्य म्हणून दिसते तितके सपाट नाही. पहिल्या काही वर्षांत पॉलिसी मोडणाऱ्याच्या हाती बोनसमधले फारसे का लागत नाही, त्याचे उत्तरही यातच आहे. पॉलिसी सरेंडर केली की कंपनी वचनाची आजची किंमत मोजते आणि ती किंमत मुदत जितकी दूर तितकी कमी.

हजारी ४८ ला लोक ४.८ टक्के व्याज म्हणतात, तेही बरोबर नाही. दर विमा रकमेवर लागतो, भरलेल्या हप्त्यांवर नाही. पहिल्या वर्षी सरांनी २०,००० भरले आणि बोनस २४,००० चा लिहिला गेला. हे जर व्याज असते, तर वर्षात १२० टक्के झाले असते! विमा रकमेच्या टक्केवारीत सांगितलेला बोनस आणि गुंतवणुकीवरचा परतावा यांचा थेट संबंध नाही. परतावा काढायचा, तर मुदतीअखेर हातात येणाऱ्या रकमेपासून मागे मोजावे लागते. ते पुढे येईलच.

आता कागद तपासायचा कसा? मला सगळ्यात भरवशाची वाटते ती वजाबाकी. लागोपाठच्या दोन वर्षांची स्टेटमेंट घ्या. यंदाचा व्हेस्टेड बोनस ५,०४,०००, गेल्या वर्षीचा ४,८०,०००. फरक २४,०००. त्याला विमा रकमेतल्या हजारांनी, म्हणजे ५०० ने भागा: ४८. कंपनी दर वर्षी प्लॅन आणि मुदतीप्रमाणे दरांचा तक्ता जाहीर करते, त्यात आपल्या प्लॅनसमोर हाच दर आहे का पाहा. जुळला, तर नोंद बरोबर आहे.

जुळला नाही म्हणून लगेच शाखेत भांडायला जाऊ नये. कारणे बहुतेक वेळा साधी असतात. मूल्यांकन ३१ मार्चचे, पण दर जाहीर व्हायला पुढे काही महिने जातात आणि पॉलिसीवर नोंद व्हायला आणखी थोडे. त्यामुळे ऑगस्टमध्ये काढलेल्या कागदावर आदल्या मार्चचा बोनस नसणे यात आश्चर्य नाही. मधल्या काळात मृत्यूचा किंवा मुदतपूर्तीचा दावा आला तर ते वर्ष कोरडे जाऊ नये म्हणून कंपनी अंतरिम बोनस देते, पण तो दाव्याच्या हिशेबात दिसतो, नेहमीच्या स्टेटमेंटवर नाही. कधी फरक उलट बाजूनेही येतो. एलआयसीने हीरकमहोत्सवी वर्षात एकवेळचा विशेष बोनस दिला होता. ज्यांच्या पॉलिसीला तो लागू झाला त्यांचा आकडा त्या वर्षी नेहमीपेक्षा मोठी उडी घेतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुन्या चालीवर येतो. त्या उडीला नवा दर समजून पुढची वर्षे गुणू नयेत.

खरे बिघडलेले प्रकरण असते ते हप्ता चुकल्याचे. पॉलिसी लॅप्स झाली की बोनसची नोंद थांबते. स्टेटमेंटवर ‘एफयूपी’ अशी एक तारीख असते, पहिला न भरलेला हप्ता कोणता ते ती सांगते. ही तारीख मागची असेल आणि बोनसचा आकडा दोन वर्षे हललेला नसेल, तर उत्तर तिथेच आहे. पगारातून हप्ता कापला जाणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त घडते. बदली झाली, नव्या कार्यालयाने कपात सुरू केली नाही, आणि माणूस समजतो की हप्ता जातोच आहे. मी कुणाचाही कागद पाहताना बोनसच्या आधी ही तारीख पाहते.

खासगी कंपन्यांच्या ग्राहकांनी इथे थोडे सावध राहावे. तिथे काही पॉलिस्यांवर बोनस चक्रवाढ पद्धतीने लागतो: दर लागतो तो विमा रक्कम आणि आधी जमलेला बोनस या दोन्हींवर. समजा दर ३ टक्के आहे आणि विमा रक्कम तीच ५ लाख. पहिल्या वर्षी बोनस १५,०००, एकविसाव्या वर्षी सुमारे २७,१००. स्टेटमेंटवर ओळखायची खूण ही, की दर तोच असूनही वर्षाची नोंद दर साल थोडी थोडी वाढते. म्हणून ‘आमचा बोनस चक्रवाढ’ हे ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. ३ टक्के चक्रवाढीने २५ वर्षांत सुमारे ५,४७,००० रुपये बोनस जमतो, तर हजारी ४८ च्या साध्या दराने ६,००,०००. चक्रवाढ की साधा एवढे विचारून भागत नाही, दर किती तेही विचारावे लागते. आणि ‘गॅरंटीड अ‍ॅडिशन’ नावाची ओळ असेल तर ती बोनसची नाहीच. ती पॉलिसी घेतानाच करारात ठरलेली असते, फंडाच्या नफ्यातोट्याशी तिला देणेघेणे नसते.

मनीबॅक पॉलिसीवाले नेहमी विचारतात म्हणून जाता जाता सांगते: मधल्या वर्षांत काही रक्कम हातात आली तरी बोनस पूर्ण विमा रकमेवरच मोजला जातो. फक्त तो शेवटी मिळतो.

दुसरा बोनस याहून अवघड, कारण तो बहुधा कागदावर नसतोच. सर स्टेटमेंट उलटून पालटून पाहतात आणि म्हणतात, “एजंट तर म्हणाला होता की शेवटी दोन लाख एफएबी मिळणार. इथे तर त्याचा पत्ताच नाही.”

एफएबी म्हणजे फायनल अ‍ॅडिशनल बोनस, अंतिम अतिरिक्त बोनस. इतर कंपन्या त्यालाच टर्मिनल बोनस म्हणतात. तो दर वर्षी पॉलिसीला चिकटत नाही. दावा ज्या वर्षी येतो, त्या वर्षी जो दर जाहीर असेल त्याने, एकदाच आणि शेवटी. एलआयसीमध्ये सर्वसाधारणपणे पॉलिसी किमान १५ वर्षे चाललेली असावी लागते, आणि दर हजारी सांगितला जातो. तो पॉलिसी किती वर्षे चालली यावर आणि विमा रक्कम किती यावर ठरतो. वर्षांबरोबर हा दर चढतो आणि शेवटच्या वर्षांत फार झपाट्याने चढतो. जाहीर न झालेली, बंधनकारक नसलेली रक्कम कंपनी छापणार कशी? स्टेटमेंटवर ती नसणे हा कागदाचा दोष नाही, प्रामाणिकपणा आहे.

कंपनी हे पैसे आधीच का वाटून टाकत नाही, हा प्रश्न रास्त आहे. हंगाम भरघोस आला म्हणून घरचा कर्ता सगळे धान्य बाजारात नेत नाही, पुढचा पाऊस कुणी पाहिला आहे! विम्याच्या फंडाचेही तसेच. तो पैसा सरकारी रोख्यांत असतो, शेअरमध्ये असतो. एखाद्या वर्षी बाजार चढला म्हणून वर्षाचा बोनस वाढवून ठेवला, तर तो कायमचा देणे होऊन बसतो. पुढच्या वर्षी बाजार कोसळला तरी काढून घेता येत नाही. म्हणून वर्षाचा बोनस हात राखून देतात आणि उरलेले शेवटापर्यंत थांबवतात. प्रत्येक पॉलिसीच्या हप्त्यांतून खर्च, विम्याच्या जोखमीचा भाग आणि कर वजा करून, गुंतवणुकीचे उत्पन्न मिळवून, तिच्या वाट्याला फंडातले किती येते याचा हिशेब अ‍ॅक्च्युअरी ठेवतो. त्याला अ‍ॅसेट शेअर म्हणतात. आपल्या विमा नियामकाने सहभागी पॉलिस्यांसाठी कंपन्यांना वेगळी समिती नेमायला लावली आहे, ती हाच हिशेब पाहते. मुदत संपताना विमा रक्कम आणि जमलेला बोनस यांची बेरीज या वाट्यापेक्षा कमी असेल, तर फरक भरून काढायला अंतिम बोनस असतो. तीस वर्षे चाललेल्या पॉलिसीचा फरक पंधरा वर्षांच्या पॉलिसीपेक्षा बराच मोठा का असतो, हेही यावरून कळते.

आता सरांचा शेवटचा हिशेब मांडू. पुढच्या चार मूल्यांकनांतही दर ४८ राहिला तर आणखी ९६,००० जमतील आणि एकूण बोनस ६,००,००० होईल. विमा रक्कम ५,००,०००. इथवर ११,००,०००. २५ वर्षांच्या पॉलिसीला २०२८ मध्ये एफएबीचा दर हजारी ४०० निघाला असे धरले, तर २,००,००० आणखी. एकूण १३,००,०००.

पण ही बेरीज एका जातीच्या आकड्यांची नाही. ५,००,००० करारात आहेत. ५,०४,००० जाहीर होऊन पक्के झालेले आहेत. म्हणजे उरलेले हप्ते भरले तर १०,०४,००० बद्दल सरांनी शंका घेऊ नये. ९६,००० अजून जाहीर व्हायचे आहेत. दर थोडा हलेल, पण शून्यावर येण्याची शक्यता मी तरी धरत नाही. आणि २,००,००० पूर्णपणे २०२८ मधल्या जाहीर दरावर अवलंबून. एजंटने दाखवलेला तक्ता खोटा नसतो, पण तो ज्यांची पॉलिसी यंदा संपते त्यांचा असतो. तो दर तीन वर्षांनी तसाच असेल असे कुणी सांगत असेल, तर त्याला ते लिहून द्यायला सांगा. तो देणार नाही.

परताव्याचा प्रश्नही आता सुटतो. दर जूनला २०,००० असे २५ हप्ते, म्हणजे ५ लाख भरले. अंतिम बोनसशिवाय ११ लाख मिळाले तर परतावा वर्षाला साधारण ५.६ टक्के पडतो. अंतिम बोनस धरून १३ लाख मिळाले तर सुमारे ६.७ टक्के. एका शेवटच्या ओळीवर एक टक्क्याहून जास्त परतावा लटकलेला असतो. यात आयुर्विम्याचे संरक्षण मिळत होते हे खरे, म्हणून नुसत्या ठेवीशी तुलना अन्यायाची आहे. पण ‘दामदुप्पट’ हा शब्द ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते हे नव्हे.

याच ओळीमुळे दुसरा एक निर्णय फिरतो. समजा सरांना घराच्या कामासाठी पैसे हवेत आणि पुढचे हप्ते भरायचे नाहीत. पॉलिसी पेड-अप केली, तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उतरते: ५,००,००० गुणिले २२ भागिले २५, म्हणजे ४,४०,०००. जमलेला बोनस ५,०४,००० तसाच राहतो. जून २०२८ मध्ये ९,४४,००० मिळतील. पुढचा बोनस मात्र बंद, आणि बहुतेक करारांत अंतिम बोनसही नाही. उलट राहिलेले तीन हप्ते, ६०,००० रुपये, भरले तर अंतिम बोनस सोडूनच ११,००,००० होतात. साठ हजारांपोटी १,५६,००० जास्त, आणि अंतिम बोनस आला तर ३,५६,०००. बाविसाव्या वर्षी पॉलिसी थांबवणाऱ्याला हे कागदावर कुठेच वाचायला मिळत नाही, कारण स्टेटमेंट मागचे दाखवते, पुढे काय हातचे जाईल ते नाही.

सरेंडर केली तर ९,४४,००० ला कंपनीचा सरेंडर फॅक्टर लागतो. तो उरलेल्या मुदतीवर ठरतो आणि शाखेतून लेखी मागता येतो. उदाहरणादाखल तो ७५ टक्के निघाला, तर हाती ७,०८,०००. स्टेटमेंटवर विमा रक्कम आणि बोनस मिळून दहा लाखांवर दिसत असताना सात लाखांचा आकडा ऐकून माणूस हबकतो. त्यात फसवणूक नाही, साडेतीन वर्षे आधी मागितल्याची ती किंमत आहे. पैशांची नड खरी असेल, तर अशा वेळी मी सरेंडरऐवजी पॉलिसीवर कर्ज काढायला सुचवते. हप्ते चालू राहतात, बोनस चालू राहतो, अंतिम बोनसची वाट बंद होत नाही. व्याज मात्र वेळच्या वेळी भरावे, नाहीतर ते कर्जात मिसळत जाते.

मृत्यूचा दावा आला तर गणित आणखी वेगळे. दुर्दैवाने सरांचे आजच काही झाले, तर वारसाला विमा रक्कम, जमलेला बोनस आणि अंतरिम बोनस मिळेल. एफएबीही मिळेल, पण तो पूर्ण झालेल्या वर्षांच्या दराने, २५ वर्षांच्या नाही. शेवटच्या वर्षांत हा दर किती उभा चढतो ते वर सांगितलेच आहे, त्यामुळे एजंटने सांगितलेले दोन लाख घरच्यांनी या दाव्यात धरू नयेत.

शेवटी मिळेल असे वाटणारी रक्कम आधीच कागदावर छापली तर काय होते, त्याचा एक मोठा धडा इंग्लंडात मिळाला आहे. इक्विटेबल लाइफ ही १७६२ ची, तिथली अत्यंत मान्यवर आयुर्विमा संस्था. तिच्या वार्षिक बोनस पत्रकांत पक्क्या रकमेबरोबर अंतिम बोनस धरून एकूण मूल्यही दिसत असे. अंतिम बोनस पक्का नाही, असे तिथे म्हटलेले असले तरी लोकांच्या मनात राहिले ते मोठे मूल्यच. काही पॉलिसीधारकांना करारात ठरावीक दराने पेन्शन घेण्याचा हक्क होता. तो हक्क महाग पडू लागला, तेव्हा संस्थेने असा हक्क वापरणाऱ्यांचा अंतिम बोनस कमी केला. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे बेकायदा ठरवले, डिसेंबरमध्ये संस्थेने नवा धंदा बंद केला आणि २००१ च्या जुलैत पेन्शन पॉलिस्यांची मूल्ये १६ टक्क्यांनी खाली आणली. पत्रकावर छापलेले पैसे लोकांच्या डोळ्यांदेखत उतरले. आपल्या स्टेटमेंटवर अंतिम बोनसची ओळ रिकामी दिसते तेव्हा मला ते बरे वाटते ते यामुळे. काही खासगी कंपन्यांच्या ऑनलाइन खात्यात आजचे दाव्याचे मूल्य म्हणून टर्मिनल बोनससकट आकडा दिसतो. तिथे तारांकित टीप शोधून वाचावी.

मुदतपूर्तीच्या साधारण दोन महिने आधी शाखेकडून पत्र येते. अंतिम बोनसचा आकडा बहुतेकांना पहिल्यांदा या हिशेबात दिसतो. त्यात विमा रक्कम, जमलेला बोनस, अंतिम बोनस आणि कर्ज किंवा व्याज असल्यास त्याची वजावट, अशा वेगळ्या ओळी असायला हव्यात. एकच एकूण रक्कम लिहून आली तर फोड मागावी. ती मागायला संकोच नको आणि शाखाही ती देते. जमलेला बोनस शेवटच्या स्टेटमेंटशी पडताळावा, त्यानंतर जाहीर झालेली वर्षे त्यात आली आहेत का पाहावे, शेवटच्या अपुऱ्या काळासाठी अंतरिम बोनस धरला आहे का ते विचारावे. अंतिम बोनससाठी कोणता हजारी दर आणि किती वर्षांची मुदत धरली हे दोन आकडे लिहून घ्यावेत आणि त्या वर्षीच्या तक्त्याशी जुळवावेत. माझ्या पाहण्यात फरक निघाला तो बहुधा इथे नाही, वजावटीच्या ओळीत; दहा वर्षांपूर्वी काढलेले छोटे कर्ज विसरून गेलेले असते आणि त्याचे व्याज मुदलाच्या वर गेलेले असते.